मशीन मोजलीत, थांबलेला माल कोण मोजणार?

तुमचा प्रोजेक्ट अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. बाइंडिंग चांगलं आहे, मुखपृष्ठ रंगीत आहे, आभाराच्या पानावर माझंही नाव आहे. ते नाव आधी खोडा. आत जे आहे त्याच्या खाली माझं नाव असलेलं मला चालणार नाही.

विषय तुम्हीच मागून घेतला होता : नागापूर एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपचं व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग, ग्राहकाची ऑर्डर आल्यापासून माल पोचेपर्यंत. आणि आणलंत काय? सहा चौकटी, त्यांच्यात सहा मशीनची नावं, प्रत्येकीखाली सेकंद, आणि शेवटी शिफारस : ‘नवीन व्हीएमसी घ्यावी.’ वर्कशॉपच्या मालकाने विश्वासाने तुम्हाला आत घेतलं, आणि तुम्ही त्याला कर्जाचा कागद दाखवून परत आलात. ही नकाशाची विटंबना आहे.

हे आकडे कुठून आणलेत, हे मला विचारायचीही गरज पडली नाही. सगळे सुपरवायझरच्या केबिनमधल्या फाइलमधले आहेत. चहा पीत बसलात, त्याने सांगितलं, तुम्ही लिहून घेतलं. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. फाइलमध्ये सायकल टाइम असतो, कारण तो मशीनच्या पॅनलवर दिसतो. माल कुठे किती दिवस पडून आहे हे कुठल्याही पॅनलवर दिसत नाही, म्हणून ते फाइलमध्ये नसतं. आणि नेमकं तेच शोधायला तुम्हाला पाठवलं होतं.

मी स्वतः तिथे जाऊन आलो. तुमच्यातल्या एकानेही माल जातो त्या दाराशी, म्हणजे डिस्पॅचपाशी, उभं राहून सुरुवात केली नाही, हे तिथल्या हेल्परनेच सांगितलं. आता तिथे मी काय पाहिलं ते सांगतो. वह्या काढा.

माल एकच घेतला : स्टीलची एक फ्लँज. सळई करवतीवर कापायची, सीएनसीवर टर्निंग करायचं, व्हीएमसीवर भोकं पाडून आटे काढायचे, हाताने बर काढायचा, झिंक प्लेटिंगला बाहेर पाठवायचं, परत आल्यावर तपासायचं, पेटीत भरायचं. एकच माल का? कारण नकाशा एका वेळी एकाच कुटुंबाचा काढायचा असतो, म्हणजे साधारण त्याच मशीनवरून त्याच क्रमाने जाणाऱ्या मालाचा. तुम्ही वर्कशॉपमधले सगळे पार्ट एकाच कागदावर कोंबलेत, त्यामुळे एकाचाही प्रवाह दिसेनासा झाला.

ग्राहक महिन्याला ३००० नग घेतो. कामाचे दिवस २५, म्हणजे दिवसाला १२०. एक शिफ्ट ८ तासांची, त्यातून जेवणाची ३० मिनिटं आणि दोन वेळच्या चहाची २० मिनिटं वजा जाता उरली ४३० मिनिटं. त्याचे २५,८०० सेकंद. त्याला १२० ने भागलं की २१५ सेकंद येतात. हा टॅक्ट टाइम : दर २१५ सेकंदांनी एक नग तयार झाला की ग्राहकाची गरज भागते. हा आकडा तुमच्या अहवालात नाहीच. तो नसल्यामुळे पुढचं सगळं आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

आता तुमचेच सेकंद घ्या. करवत ६०, सीएनसी १५०, व्हीएमसी ११०, बर काढणं ४०, तपासणी ३५, पॅकिंग २०. यातलं एक तरी काम २१५ च्या वर आहे का? सीएनसीवर दुसराही एक पार्ट चालतो हे मला माहीत आहे. तरी या फ्लँजला तिची दिवसाला ३०० मिनिटं लागतात, १३० उरतात. व्हीएमसीला तर घाई करायचं कारणच नाही. ती आधीच गरजेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चालते. नवीन व्हीएमसी आणून ११० चे ८० सेकंद केलेत तर पुढच्या ट्रॉलीत फक्त ढीग लवकर वाढेल. ३० सेकंद वाचतील आणि ग्राहकाला माल त्याच दिवशी मिळेल, ज्या दिवशी आज मिळतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे.

मग चोर कुठे आहे? दोन मशीनच्या मधे. करवत आणि सीएनसीच्या मधे, व्हीएमसी आणि बर काढायच्या टेबलाच्या मधे, फाटकाजवळ टेम्पोची वाट बघत ठेवलेल्या क्रेटमधे. नकाशावर तिथे त्रिकोण काढायचा असतो, त्यात आय अक्षर लिहायचं असतं आणि खाली हाताने मोजलेले नग. तुमच्या नकाशावर एकही त्रिकोण नाही. तुमच्या कागदावर माल एका मशीनवरून उडी मारून थेट दुसऱ्या मशीनवर जातो. असं वर्कशॉप मी अजून पाहिलेलं नाही.

मी मोजलं ते असं. सळया ९६० नगांना पुरतील इतक्या. करवतीनंतर कापलेले तुकडे ४८०. सीएनसीनंतर ६००. व्हीएमसीनंतर २४०. बर काढून टेम्पोसाठी ठेवलेले ३६०. प्लेटिंगवाल्याकडे ४८०. परत आलेले, तपासणीची वाट बघणारे १२०. पॅक करून ठेवलेले ३६०. बेरीज करा : ३६०० नग. ग्राहक दिवसाला १२० घेतो. ३६०० भागिले १२०, उत्तर ३० दिवस. हे गणित करायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता दिली, पण ढीग मोजायला ती सिद्धताही लागत नाही. वाटेत जितका माल, त्याला रोजच्या खपाने भागा, तितके दिवस नव्याने शिरलेल्या नगाला बाहेर पडायला लागतात.

आता दुसरी बाजू मोजा. या ३० दिवसांत त्या फ्लँजमध्ये खरोखर बदल किती वेळ झाला? कापणं, टर्निंग, आटे आणि बर काढणं मिळून ३६० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं. प्लेटिंगच्या टाकीत ४५ मिनिटं. एकूण ५१ मिनिटं. तपासणी आणि पॅकिंगचे सेकंद मी त्यात धरले नाहीत. तुम्ही धरलेत. तपासल्याने माल चांगला होत नाही, चांगला की वाईट एवढं कळतं. ग्राहक तपासणीचे पैसे देत नाही, चुकून वाईट माल गेला तर आपल्याकडून वसूल मात्र करतो. तपासणी आज बंद करता येत नाही हे मान्य, म्हणून तिला ‘गरजेची, पण मोल न वाढवणारी’ या रकान्यात टाका. वाट पाहणं, उचलून इकडचं तिकडे ठेवणं, पुन्हा मोजणं हे तिसऱ्या रकान्यात जातं, आणि ते काढून टाकण्यासाठीच असतं.

३० दिवस म्हणजे या शिफ्टच्या हिशेबाने १२,९०० मिनिटं. त्यांतली कामाची ५१. अर्धा टक्काही नाही. तुमच्यातल्या एका हुशाराने समासात पेन्सिलने ‘कार्यक्षमता ६८ टक्के’ लिहिलंय. ती मशीनची आहे, मालाची नाही. मशीन दिवसभर फिरतंय म्हणून मालक खूश, कामगार दमलेला, आणि फ्लँज २९ दिवसांहून जास्त काळ क्रेटमध्ये बसलेली. आणखी एक : दिवस मोजताना कामाचे दिवस आणि कॅलेंडरचे दिवस यांची खिचडी करू नका. तुम्ही प्लेटिंगचे दिवस रविवार धरून मोजलेत आणि बाकीचे रविवार सोडून.

हा आकडा ऐकून ‘सर, हे फक्त आपल्याकडे’ असं म्हणायची घाई करू नका. माइक रॉदर आणि जॉन शुक यांनी १९९८ मध्ये ‘लर्निंग टू सी’ या पुस्तकात ही पद्धत जगापुढे मांडली. त्याच्या मुळाशी टोयोटातली, माल आणि माहिती दोन्ही एकाच कागदावर रेखाटण्याची जुनी रीत होती. त्यांनी उदाहरणाला घेतलेल्या कारखान्यात गाडीच्या स्टिअरिंगची ब्रॅकेट बनते. तिच्यावर काम होतं १८८ सेकंद, आणि कारखान्यातून बाहेर पडायला लागतात २३.६ दिवस. तेव्हा लाजायचं कारण ३० दिवसांचं नाही. लाजायचं कारण हे की ते ३० दिवस तुमच्या डोळ्यांसमोर क्रेटमध्ये रचून ठेवले होते आणि तुम्हाला दिसले नाहीत.

तुम्ही या जिल्ह्यातली पोरं आहात. प्रवरानगरला १९५० च्या अखेरीस सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून इथल्या घराघरात एक गोष्ट सगळ्यांना कळते : तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या यार्डात थांबला की वजन उतरतं, साखर उतरते. ट्रॅक्टर रांगेत उभा राहिला तर तुमचे वडील रात्रभर फोन करतात. स्टील वाळत नाही, म्हणून ते थांबलं तर कुणाला काही वाटत नाही. पण त्याचंही उतरतं. एका अर्धवट नगात सळईचे, कटरचे, विजेचे, मजुरीचे मिळून समजा १५० रुपये अडकले, तर ३६०० नगांत ५ लाख ४० हजार होतात. आणि माल गेला म्हणजे घड्याळ थांबलं असंही नाही. टोयोटाचे ताईची ओनो वेळ मोजायला लावत ते ऑर्डर हातात पडल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत. लहान उद्योगाला ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. पण ते ४५ दिवस माल ग्राहकाकडे पोचल्यावर सुरू होतात. आधीचे ३० दिवस मालकाचे स्वतःचे आहेत, त्यासाठी कुठलाही कायदा मदतीला येत नाही.

पैशाहून मोठं नुकसान मालाच्या दर्जाचं आहे, आणि ते मी तुम्हाला आट्यांवरून दाखवतो. व्हीएमसीवर आटे काढले, प्लग गेज घालून पाहिला, ‘गो’ बाजू सुरळीत आत गेली, कामगाराने शेरा मारला ठीक. मग माल झिंकच्या टाकीत गेला. तिथे समजा ८ मायक्रॉनचा थर बसला. आट्याच्या दोन्ही उतारांवर आणि दोन्ही बाजूंना बसतो, म्हणून ६० अंशांच्या आट्यात पिच व्यासाचा फरक थराच्या चौपट पडतो : ३२ मायक्रॉन. भोकाच्या तोंडाशी तर हे हमखास जाणवतं. आता तोच गेज आत जात नाही. उपाय सोपा आहे, टॅप थोडा जादा मापाचा वापरायचा आणि तो प्लेटिंगच्या आधी किती मोठा असावा हे ड्रॉइंगवर लिहायचं. पण चूक कधी कळली? शेवटच्या तपासणीत. व्हीएमसीनंतर २ दिवस, टेम्पोची वाट ३ दिवस, प्लेटिंगला ४ दिवस, तपासणीची रांग १ दिवस. दहा दिवस. तोवर व्हीएमसीने त्याच चुकीच्या टॅपने आणखी १२०० नग काढले. महिन्याच्या ऑर्डरचे ४० टक्के.

त्या वर्कशॉपमध्ये ‘रिवर्क’ असं खडूने लिहिलेल्या क्रेट जिन्याखाली रचलेल्या आहेत. त्यांतल्या एका क्रेटवरचं जॉबकार्ड मी हातात घेतलं. तेलाने पिवळं पडलेलं, कोपरा फाटलेला. टर्निंगची तारीख एका शाईत, व्हीएमसीची दुसऱ्या शाईत, प्लेटिंगच्या रकान्यात चलनाचा नंबर, तपासणीच्या रकान्यात ‘गो नॉट ओके’. तारखा वाचत खाली या, म्हणजे सगळा नकाशा त्या एका कार्डावर लिहिलेला सापडतो. तुम्ही त्या जिन्यावरूनच केबिनमध्ये चढून गेलात. हातच्या कांकणाला आरसा कशाला हवा होता? ते कार्ड उचलायला वाकायला हवं होतं, एवढंच.

ढीग का साठतात, हे तुम्ही विचारलंही नाही. ‘कामगार आळशी आहेत’ असं एका पानावर लिहून मोकळे झालात. ते वाक्य आधी कापा. सीएनसीनंतर ६०० नग पडून आहेत, कारण एका वेळी ६०० च काढायचे असं ठरलंय. ६०० का? कारण सेटिंग बदलायला ९० मिनिटं जातात, आणि ती मालकाच्या जिवावर येतात. ती ९० मिनिटं कशी जातात ते मी उभं राहून पाहिलं. जॉ शोधणं, टूल शोधणं, अॅलन की दुसऱ्या मशीनवर गेलेली असणं, आणि पहिला नग तपासायला क्वालिटीवाला जेवून यायची वाट बघणं, यात तासभर जातो. मशीन खरोखर उघडं ठेवून करायचं काम अर्ध्या तासाचं आहे. जॉ आणि टूल आधीच ट्रॉलीवर लावून ठेवले, पहिला नग तपासायचा गेज मशीनपाशीच ठेवला, तर सेटिंग ३० मिनिटांत होईल. मग ६०० च्या एका लॉटऐवजी २०० चे तीन लॉट काढा. तीन वेळा ३० म्हणजे ९०. मशीनचं एक मिनिटही जास्त गेलं नाही, आणि ढीग पाच दिवसांवरून दोन दिवसांच्या खाली आला. नवीन मशीन कुठे लागलं?

टेम्पोचंही तसंच. ‘गाडी भरल्याशिवाय पाठवायची नाही’ हा तिथला नियम. म्हणून तयार माल ३ दिवस फाटकाशी बसतो. प्लेटिंगवाल्याकडे एकदम ४८० नग जाऊन आदळतात, तो आपल्या सोयीने लावतो, आणखी ४ दिवस. टाकीत ४५ मिनिटं राहायला माल सात दिवस घराबाहेर-घराजवळ भटकतो. भाडं वाचवलं म्हणून मालक समाधानी आहे. भाडं दिसतं, पावती मिळते. ७ दिवसांची पावती मिळत नाही. रोज ठरलेल्या वेळी एक छोटा हत्ती १२० नग घेऊन जाईल आणि आदल्या फेरीचे घेऊन येईल, असं शेजारच्या दोन वर्कशॉपबरोबर मिळून ठरवता येतं. प्लेटिंगवाल्यालाही रोज येणारा ठराविक माल एकदम आलेल्या डोंगरापेक्षा सोपा जातो. त्याच्याशी बोलायला तुमच्यातला एक तरी गेला होता? नाही. तुमचा नकाशा फाटकापाशी संपतो. ग्राहकाच्या मालाला तुमच्या फाटकाशी काही देणंघेणं नाही.

आता कागदाच्या वरच्या अर्ध्या भागाकडे येऊ, जो तुम्ही कोरा ठेवलाय. तो माहितीचा भाग आहे. उजव्या कोपऱ्यात ग्राहक, डाव्या कोपऱ्यात स्टील पुरवणारा, मधे नियोजन करणारा माणूस, आणि त्यांच्यात ऑर्डर कशी जाते ते बाणांनी. कागदाने जात असेल तर सरळ रेघ, ईमेलने जात असेल तर वाकडीतिकडी. तिथे काय घडतं ते ऐका. ग्राहकाचं आठवड्याचं शेड्यूल शनिवारी संध्याकाळी ईमेलने येतं. सोमवारी कुणीतरी ते उघडतं. मंगळवारी एक्सेलमध्ये भरतं. बुधवारी मीटिंग होते. गुरुवारी सकाळी जॉबकार्ड शॉपफ्लोअरवर पोचतं. ऑर्डरने कामाचे ३ दिवस एकाही मशीनला हात न लावता घालवले. नवीन ड्रॉइंगचा माल असेल आणि सळई तीच वापरायची असेल, तर स्टोअरमधले ८ दिवस सोडा, उरलेले २२ आणि हे ३ मिळून ढोबळ मानाने २५ कामाचे दिवस. म्हणजे पुरा महिना. आणि ग्राहक चाकणला बसून विचारतो, ‘साधी फ्लँज आहे, इतका वेळ का?’ त्याचं बरोबर आहे.

गुरुवारी कार्ड आलं तरी त्याप्रमाणे काम होतं का? तेही नाही. ग्राहकाच्या स्टोअरमधून फोन येतो, ‘आज ५० अर्जंट पाठवा.’ मालक शॉपवर येतो, क्रेट चाळतो, हा आधी लाव, तो नंतर लाव, सांगून जातो. चालू लॉट मोडतो, सेटिंग बदलतं, अर्धवट राहिलेला लॉट बाजूला सरकतो. तो पुन्हा कधी हातात येईल ते सांगता येत नाही. शेड्यूल न पाहता अशी डोळ्यांनी बघून आणि फोन ऐकून कामं लावण्यासाठी या पद्धतीत एक चिन्ह आहे : चष्मा. तुमच्या कागदावर तो चष्मा मोठ्ठा काढा, कारण हे वर्कशॉप त्यावरच चालतं. आणि एक ओळखा. अर्जंटचे फोन जास्त येतात म्हणून माल थांबतो असं मालक सांगेल. उलटं आहे. माल ३० दिवस थांबतो, म्हणून ग्राहकाला भरवसा उरत नाही आणि तो रोज फोन करतो.

आता पुढचा नकाशा, म्हणजे असायला हवं ते. तुम्ही तो काढलाच नाहीत, कारण पहिला खरा नसेल तर दुसरा कशावर काढणार? मी काढला तो असा. व्हीएमसी आणि बर काढायचं टेबल शेजारी आणा. ११० आणि ४० मिळून १५० सेकंद, २१५ च्या आत. एकाच माणसाने हातोहात केलं तर मधले २ दिवस जातात. प्लेटिंगआधीच्या जादा मापाचा गेज त्याच टेबलावर आला, तर चुकीचा टॅप दहा दिवसांनी कळायचा तो दहा मिनिटांत कळेल. सीएनसी दुसऱ्या पार्टबरोबर वाटून घ्यावी लागते, म्हणून तिच्यानंतर थोडा साठा लागेल, पण त्याला मर्यादा घाला : दोन दिवसांचा, त्यापुढे क्रेट भरली की सीएनसीवर ही फ्लँज थांबवायची. प्लेटिंगकडे रोजची फेरी. जॉबकार्ड सगळ्या मशीनना वाटत बसू नका. एकाच ठिकाणी द्या, आणि मागच्यांनी पुढचा नेईल तेवढंच भरून द्यायचं. या हिशेबाने सळया ५ दिवस, करवतीनंतर १, सीएनसीनंतर २, टेम्पोसाठी १, प्लेटिंग २, तयार माल २. एकूण १३ दिवस. ३० चे १३, आणि एकही मशीन विकत न घेता. जॉबकार्ड सोमवारीच निघालं तर वरचे ३ दिवसही वाचतील.

हे १३ कागदावरचे आहेत, हेही लिहून ठेवा. एका दिवसाची मोजणी म्हणजे एका दिवसाचं चित्र. महिनाअखेरीला ग्राहक जास्त उचलतो, तेव्हा ढीग वेगळे दिसतील. म्हणून महिन्याच्या सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी मोजा, आणि ज्या जागी आकडा प्रत्येक वेळी मोठा येतो तीच पहिली धरा. ज्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक काम वेगळं, एकदाच येणारं, तिथे ही पद्धत जशीच्या तशी लावू नका. तिथे कुटुंबच पडत नाही. आणि अर्ध्या टक्क्याचा आकडा मालकापुढे फटकारल्यासारखा मांडू नका. तो आकडा त्याला हिणवण्यासाठी नसून, कुठल्या दोन मशीनच्या मधे उभं राहायचं ते सांगण्यासाठी आहे.

या शहरात १९७० च्या दशकात लुना बनू लागली, तिच्या आणि इतर मोठ्या कारखान्यांच्या आधाराने नागापूरला लहान वर्कशॉप उभी राहिली. पुढे सुप्याला नवे कारखाने आले. ते सगळे आपल्या पुरवठादाराला हाच प्रश्न विचारणार आहेत : ऑर्डर दिली तर किती दिवसांत देशील? त्याचं उत्तर मशीनच्या वेगावरून देणारा माणूस खोटं बोलतो, मग त्याला ते कळो न कळो.

सोमवारी सकाळी पुन्हा जा. लॅपटॉप घरी ठेवा. एक मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि स्टॉपवॉच एवढंच न्या. डिस्पॅचपासून सुरू करून उलटे मागे सळईपर्यंत या. चौघांनी चार तुकडे वाटून घ्यायचे नाहीत, प्रत्येकाने पूर्ण वाट चालायची. प्रत्येक त्रिकोणाखालचा आकडा स्वतः क्रेट उघडून मोजायचा. प्लेटिंगवाल्याकडे जायचं, आणि ग्राहकाचं शेड्यूल कुणाच्या मेलबॉक्समध्ये किती दिवस राहतं ते विचारायचं. वरचे सगळे आकडे मी तुम्हाला दिलेत, पण ते माझे आहेत. तेच जसेच्या तसे लिहून आणलेत तर मला लगेच कळेल, कारण सोमवारी ढिगात तेवढे नग नसतील.

नव्या व्हीएमसीची शिफारस मागे घेतल्याचं मालकाला स्वतः तोंडाने सांगा. आणि खरा नकाशा टेबलावर आल्याशिवाय या अहवालावर माझी सही होणार नाही.